‘दहावी झाली की बघू’ म्हणणाऱ्या पालकांसाठी एक ओळ: मुलांच्या नृत्य-संगीत वर्गाची टॅगलाइन कशी लिहावी

चौकशीला आलेली आई फी विचारते, वेळ विचारते आणि जिना उतरता उतरता म्हणते, "आवड आहे हो तिला, पण यंदा चौथी आहे. स्कॉलरशिपचं वर्ष. बघू पुढे." हे ‘पुढे’ सहसा येत नाही. चौथीनंतर सातवीची स्कॉलरशिप असते, मग नववीचा पाया, मग दहावी. मुलांच्या वर्गाची टॅगलाइन लिहायची ती या आईसाठी आणि घरी बसलेल्या, चौकशीलाही न आलेल्या वडिलांसाठी. ज्यांना मुळातच गाण्या-नृत्याची आवड आहे, ते पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी येतात.

ब्रीदवाक्य आणि टॅगलाइन यांत इथेच फरक करून ठेवलेला बरा. ब्रीदवाक्य संस्थेने स्वतःला घातलेली शपथ असते. ते संस्कृतात असलं आणि कोणाला कळलं नाही तरी चालतं. टॅगलाइन दाराबाहेरच्या माणसाशी बोलते, तेही त्याच्या मनात शंका असताना.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. शहराच्या उपनगरातला एक वर्ग समजा. कथ्थक, गायन आणि तबला शिकवतात, मुलं ६ ते १४ वयाची, पहिल्या मजल्यावर रस्त्याकडेच्या दोन खोल्या, आठवड्यातून दोन दिवस एकेक तास. पुढच्या-मागच्या गल्लीत गणिताचे चार क्लास आहेत आणि खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे.

पायरी १: पालकांची वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या

चौकशीच्या टेबलावर एक साधी वही ठेवा. पहिल्या वीस-पंचवीस चौकशांची नोंद करायची: मुलाचं वय, इयत्ता आणि पालकांनी नाही म्हणताना किंवा रेंगाळताना वापरलेलं वाक्य. वाक्य त्यांच्याच शब्दांत हवं. तिथे ‘वेळेची अडचण’ असा सारांश लिहिलात तर वहीचा उपयोग संपला, कारण उत्तर त्यांच्या शब्दांना द्यायचं आहे. चौकशी करून न आलेल्यांची वाक्यं आलेल्यांपेक्षा जास्त कामाची असतात. त्यामुळे नोंद लगेच करायची. संध्याकाळी आठवून लिहिलेलं वाक्य आपल्या सोयीचं होऊन बसतं.

वही भरली की बहुतेक वाक्यं चार ढिगांत पडतात. "शाळा, ट्यूशन, त्यात हे. वेळ कुठाय?" हा पहिला. "एकदा नाद लागला की अभ्यासात लक्ष लागत नाही," हा दुसरा. "आमच्याकडे मुलींनी नाचायची पद्धत नाही," हा तिसरा. तो बरेचदा आजोबांचा असतो आणि आई नुसता निरोप पोचवते. चौथा ढीग "शिकून पुढे काय?" वाल्यांचा.

पायरी २: एकच ढीग निवडा

नवखे लोक इथे चारही ढिगांना एका ओळीत उत्तर द्यायला जातात आणि ‘मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी’ लिहून मोकळे होतात. ही ओळ नर्सरीवर, कराटेवर, अबॅकसवर आणि च्यवनप्राशच्या डब्यावरही चालते. ती कोणाच्या डोळ्यांवर आली तरी डोक्यात जात नाही.

पहिल्या ढिगाला उत्तर वेळापत्रकाने मिळतं. आठवड्याला दोन तास, घटक चाचणीच्या आठवड्यात सुट्टी, त्या तासांची भरपाई रविवारी. हे पत्रकात छापायचं, टॅगलाइनमध्ये नाही. चौथ्या ढिगाचं उत्तर लांब आहे, ते समोरासमोर बोलण्यात द्यावं.

तिसरा ढीग हळवा आहे. मराठीत ‘पायात चाळ बांधणे’ या शब्दांना तमाशाच्या फडाचा आणि त्याभोवतीच्या जुन्या सामाजिक अढीचा वास आहे. ती अढी चुकीची असली तरी चार शब्दांनी जात नाही. उलट टॅगलाइनमध्ये तिला उत्तर द्यायला गेलं, की विषय निघालाय हेच लोकांच्या लक्षात राहतं. इथे काम करतं ते वर्गाचं नाव आणि विषयाचा नेमका उल्लेख. ‘डान्स’ लिहिलं की आजोबांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची स्पर्धा येते, ‘कथ्थक’ लिहिलं की गुरू आणि बैठक येते. तेवढ्यावर थांबावं. ‘नृत्यसाधना’, ‘कलोपासना’ असे शब्द आजोबांना आवडतील, पण पस्तिशीतल्या वडिलांना ते देवळातल्या पत्रिकेसारखे वाटतात.

उरला दुसरा ढीग. टॅगलाइनसाठी तोच घ्या. यात आक्षेप एकाच समजुतीवर उभा आहे: मुलाचं लक्ष हे एक भांडं आहे, त्यातलं थोडं इकडे ओतलं की अभ्यासाला कमी पडणार. समजुतीला एका ओळीने धक्का देता येतो. शिवाय या पालकांचं दुसरं गाऱ्हाणं वहीत बहुधा त्याच पानावर सापडतं: "एका जागी बसत नाही हो," "मोबाइल काढून घेतला की दहा मिनिटं चैन पडत नाही." म्हणजे लक्ष मुळात नाही, हे त्यांनाही दिसतंय. जे नाही, ते नृत्य पळवून नेईल कसं, हा प्रश्न त्यांच्या मनात अजून आलेला नाही. ओळीने तेवढंच करायचं आहे.

पायरी ३: वर्गात दाखवता येईल असा पुरावा शोधा

ही पायरी गाळून लिहिलेल्या ओळी पोकळ निघतात. आधी वर्गात तासभर कोपऱ्यात बसा आणि पालकाला दारातून दिसेल अशी एखादी गोष्ट हेरा, ज्यात लक्ष लागलंय की उडालंय हे कोणालाही कळेल. पालकाला संगीत कळत असण्याची अट नको.

कथ्थकमध्ये अशी गोष्ट पहिल्याच महिन्यात मिळते. तीनतालातला साधा तत्कार घ्या: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. या आठ मात्रा, त्या दोनदा केल्या की सोळा मात्रांचं एक आवर्तन. पहिल्या चार मात्रांना पाय पडतात ते उजवा, डावा, उजवा, डावा. इथपर्यंत चालण्यासारखंच आहे, कोणीही करेल. गंमत पाचव्या मात्रेला आहे. तिथे ‘आ’ म्हणताना पुन्हा डावाच पाय टाकायचा: डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्याला डावा आणि पाचव्यालाही डावा. आठव्याला उजवा, म्हणून नवव्याला परत उजवाच.

शरीराला हे पटत नाही. चालायच्या सवयीने डाव्यानंतर उजवा आपोआप पुढे येतो. मूल खिडकीबाहेर बघत असेल तर पाचव्या मात्रेला हमखास उजवा पडतो, आणि ती चूक ओळीतल्या बाकीच्यांना लगेच कळते. लयीत फरक पडेलच असं नाही, पण पुढच्या चारही मात्रांचे पाय उलटे होतात आणि शेजारच्या मुलीचा उजवा खाली येत असताना याचा डावा येतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला ठायमध्ये, म्हणजे मूळ संथ लयीत, हे न चुकता जमायला काही आठवडे जातात. मग दुगुन सुरू झाली की तीच चूक पुन्हा डोकं वर काढते, कारण विचार करायला आता निम्माच वेळ असतो.

तबल्यात आणि गायनात याच्या जोडीची गोष्ट म्हणजे हातावर ताल धरणं. तीनतालात टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, आणि नवव्याला टाळी न देता हात उलटा करून ‘खाली’, म्हणजे टाळीविना सोडलेली जागा, दाखवायची. तोंडाने ठेका म्हणायचा, हाताने ताल धरायचा. मुलं नवव्याला टाळी देऊन बसतात. कारण सोपं आहे: तोंडात तिथेही ‘धा’च येतो, पाचव्यासारखाच. ‘तिं’ येतो दहाव्याला. म्हणजे खालीची जागा कानाने हातात येत नाही, मोजणी मनात चालू असावी लागते.

हा झाला पुरावा. इथे लक्ष उडालं तर चूक त्याच क्षणी दिसते आणि ऐकू येते. गणिताच्या वहीत चूक दुसऱ्या दिवशी लाल शाईत भेटते. पालकाला सांगण्यासारखं हे आहे, आणि ‘कलेमुळे व्यक्तिमत्त्व फुलतं’ या वाक्याच्या कितीतरी पुढचं आहे.

पायरी ४: तीस ओळी लिहा, मग कापा

तीस हा आकडा गंमत म्हणून नाही. पहिल्या दहा-बारा ओळी दुसऱ्यांच्या पाट्यांवरून आपल्या डोक्यात साठलेल्या असतात, त्या बाहेर पडल्याशिवाय स्वतःची ओळ येत नाही. एका बैठकीत लिहू नका, दोन-तीन दिवस द्या. कापताना प्रत्येक ओळीला मरण्याचं कारण शेजारी लिहा. त्यातून आपल्याला काय नको हे स्पष्ट होतं. आपल्या उदाहरणातल्या वर्गासाठी अशा यादीत काय काय येईल, ते पाहू.

‘सूर, ताल आणि संस्कार’. तीन शब्दांची ही माळ कानाला बरी वाटते. पण ‘संस्कार’ हा शब्द इतक्या पाट्यांवर आहे की तो वाचला जात नाही, आणि शंका घेणाऱ्या पालकाला त्यात उत्तर नाही.

‘नाच-गाणं म्हणजे वेळ वाया? मुळीच नाही!’ ही चूक सगळ्यात जास्त होते. पालकाचा आरोप आपणच मोठ्या अक्षरात लिहायचा आणि नकार शेवटी बारीक जोडायचा. चालत्या स्कूटरवरून अर्धीच ओळ वाचली जाते, आणि ती अर्धी म्हणजे आरोप.

‘अभ्यास महत्त्वाचाच, पण कलाही!’ इथे ‘पण’ने घात केला. कला दुय्यम आहे हे मान्य करून ओळ सुरू होते. पालक म्हणतो, हेच तर मी म्हणतोय.

‘मुलांना चांगला नाद लावा’. ही ओळ मोहात पाडते, कारण नाद म्हणजे आवाजही आणि वेडही. तरी आपल्या वर्गासाठी ती कापावी लागते. वहीतल्या दुसऱ्या ढिगात पालकाची भीती नेमकी ‘नाद लागेल’ हीच आहे. ही ओळ ती भीती खरी करून दाखवते. आधीच पटलेल्या पालकांना ती फार आवडेल. म्हणूनच ओळखीच्यांना विचारलं तर सगळे हिलाच कौल देतील. सावध राहा.

‘सोळा मात्रांचं औषध’. मात्रा म्हणजे तालातली आणि वैद्याचीही. हुशार आहे, पण समजावून सांगावी लागते. आणि मुलाला आजारी ठरवते, ते कोणत्याच आईला आवडत नाही.

‘सोळा मात्रा, एक लक्ष’. आता जवळ आलो. आकडा आहे, ठाशीव आहे, आपल्या पुराव्याशी जोडलेली आहे. अडचण दोन ठिकाणी. मात्रा म्हणजे काय हे न कळणारा पालकच आपल्याला हवा आहे. आणि ‘एक लक्ष’ हे चेकवरच्या रकमेसारखं वाचलं जाऊ शकतं. क्रियापद नसल्याने ओळ बोलण्यात बसत नाही, ती पोस्टरवर दिसते तेवढीच.

‘इथे लक्ष लागतं.’

ही ठेवावी. का, ते उलगडून पाहू. पालकाचं रोजचं वाक्य आहे, "अभ्यासात लक्ष लागत नाही." ओळ तेच शब्द उचलते आणि नकार काढून टाकते. वाद घालत नाही, कलेची थोरवी सांगत नाही, अभ्यासाचं नावही घेत नाही. दुसरं, ‘लागतं’चे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. लक्ष लागतं म्हणजे मन रमतं, आणि लक्ष लागतं म्हणजे लक्ष द्यावं लागतं, दूध तापवायला लागतं तसं. पालकाला कोणताही एक अर्थ कळला तरी ओळ पुरी होते. दुसरा नंतर कळला तर बोनस. विनोद समजावून द्यावा लागत नाही. नादच्या आणि मात्रेच्या श्लेषात हेच नव्हतं.

उणीवही आहे. हीच ओळ गणिताच्या क्लासवर लावून पाहा. बसते! साधारणपणे दुसऱ्याच्या पाटीवर बसणारी ओळ फेकून द्यावी असा नियम आहे. इथे अपवाद करायचा, कारण गणिताच्या क्लासवर ती कोणालाच थांबवत नाही. लक्ष लागणारच, न लागून सांगतो कोणाला. ‘कथ्थक, गायन, तबला’ या शब्दांखाली ती आली की वाचणारा क्षणभर अडतो. सगळं बळ त्या शेजारात आहे. म्हणून ही ओळ विषयांच्या नावांशिवाय एकटी कुठेही छापायची नाही. नुसत्या चिन्हाखाली नाही, टी-शर्टच्या पाठीवर तर नाहीच.

पायरी ५: जे आपल्या हातात नाही ते लिहू नका

लक्षाची ओळ ठरली की मोह होतो तिला जोर आणण्याचा. ‘लक्ष लागतं, गुण वाढतात.’ इथे थांबा.

महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुण मिळण्याची सोय आहे आणि पालक त्याबद्दल विचारतातच. पण किती परीक्षांना किती गुण, हे शासननिर्णयाने ठरतं. तो बदलला तर पाटी खोटी पडते. शिवाय अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढायला साधारण वर्षाला एक परीक्षा धरली, तर आठवीत येणाऱ्या मुलाच्या हातात फार वर्षं उरत नाहीत. गुणांसाठी आलेलं मूल गुण मिळताच जातं, हा भाग वेगळाच. ही माहिती विचारल्यावर द्यावी, चालू शासननिर्णयाची प्रत समोर ठेवून.

‘संगीताने बुद्धी वाढते’ हा दुसरा खड्डा. या समजुतीचं मूळ १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, त्यांनी दहा मिनिटं मोत्झार्ट ऐकला आणि नंतर काही आकृत्यांची कोडी थोडी बरी सोडवली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात मुलं नव्हती आणि शिकणंही नव्हतं, नुसतं ऐकणं होतं. प्रत्यक्ष शिकण्यावरचा ग्लेन शेलेनबर्ग यांचा २००४ सालचा अभ्यास जास्त भक्कम आहे: टोरांटोमधली सहा वर्षांची १४४ मुलं, वर्षभराचे धडे. त्यात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक न शिकलेल्यांपेक्षा सुमारे तीन गुणांनी जास्त वाढला. फरक खरा, पण लहान. पाटीवर लिहिण्याच्या लायकीचा नाही. मोजमाप मागणारा एखादा इंजिनियर बाप भेटला तर बोलण्यात जरूर सांगा, ‘लहान’ हा शब्द न गाळता.

हे नुसतं सचोटीचं बोलणं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे आणि वर्ग लहान आहे म्हणून सुटका नाही. ‘इथे लक्ष लागतं’ हे वर्गात बसून कोणालाही तपासता येतं. ‘हुशार होतात’ हे तुम्हाला सिद्ध करून दाखवावं लागेल.

पायरी ६: अनोळखी दहा जणांवर ओळ तपासा

सध्याच्या विद्यार्थ्यांचे पालक आणि आपले मित्र यासाठी बाद. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे असलेले पालक बरे. एका कागदावर पाटीचा मजकूर जसा असेल तसा लिहून न्या: वर्गाचं नाव, त्याखाली ‘कथ्थक, गायन, तबला’, त्याखाली ओळ. पाच सेकंद दाखवा, कागद उलटा करा आणि दोनच प्रश्न विचारा. "इथे काय शिकवत असतील?" आणि "खालची ओळ घरी कशी सांगाल?"

‘ओळ आवडली का’ हा प्रश्न विचारायचा नाही. आवडली असंच सगळे म्हणतात.

पहिल्या प्रश्नाला कोणी ध्यानधारणा किंवा अभ्यासिका म्हणालं, तर विषयांची नावं लहान पडली आहेत; ओळीला हात लावू नका, वरची अक्षरं मोठी करा. दुसऱ्या प्रश्नात लोक ओळ आपल्या शब्दांत बदलून सांगतात, ते नीट ऐका. "तिथे म्हणे मुलांचं लक्ष लागतं," असं आलं तर काम झालं. ही ओळ आई रात्री जेवताना वडिलांना सांगणार आहे, त्या वाक्यात ती बसायला हवी. "काहीतरी लक्ष वगैरे होतं," असं दहापैकी पाच-सहा जण म्हणाले तर परत तीस ओळींकडे.

एखादा पालक फटकन म्हणेल, "खरंच लागतं का?" या प्रश्नाने खचू नका. ओळीने हाच प्रश्न उभा करायचा होता.

पायरी ७: त्या प्रश्नाचं दहा मिनिटांचं उत्तर तयार ठेवा

‘या, बघा’ एवढं पुरत नाही. वर्गात आलेल्या पालकाला काय बघायचं ते सांगावं लागतं, नाहीतर तो मुलीचा ड्रेस आणि पंखा चालू आहे का तेवढं बघून जातो. तिसऱ्या महिन्यातली पाच-सहा मुलं उभी करा. पालकाला आधी सांगा: "चौथ्याला डावा पाय, पाचव्याला परत डावा. तेवढंच बघा." मग तत्कार ठायमध्ये चार आवर्तनं, थांबून दुगुनीत चार. दुसऱ्या आवर्तनापर्यंत पालक स्वतः मोजायला लागतो. कोणाचा पाय चुकला तर शिक्षकांनी काही बोलू नये. मूल स्वतः थांबतं, शेजारणीचा पाय बघतं आणि पुढच्या समेवर परत आत येतं. पाहणाऱ्याला पटतं ते बहुधा इथे, बिनचूक सादरीकरणात नाही. शेवटी पालकालाच हातावर तीनताल धरायला द्या. नवव्या मात्रेला तोही टाळी देतो, आणि हसतो.

नव्या मुलांवर हा प्रयोग करू नका. पहिल्या महिन्यात पाचव्या मात्रेला अर्धी रांग उलटी असते, आणि तेव्हा ओळ खोटी दिसते.

या ओळीचे काही नियम वर्गावर उलटतात, ते आधीच मान्य असतील तरच ती लावा. तासाला शिक्षकांचा मोबाइल बाहेर राहिला पाहिजे. ‘इथे लक्ष लागतं’ या पाटीखाली शिक्षक मेसेज बघताना दिसले तर पालक ते जन्मभर सांगतील. एका शिक्षकामागे बारा-पंधरा मुलांपलीकडे गेलं, की मागच्या रांगेतले पाय दिसत नाहीत आणि मागची रांग हे लगेच ओळखते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी सिनेमाची गाणी बसवून देण्याची कामं येतात, पैसेही बरे मिळतात. ती घ्यायची तर वर्गाच्या तासात नाही. त्या दीड महिन्यात चौकशीला आलेल्या पालकाला गोंधळ दिसला, तर दोष तो गाण्याला देत नाही, ओळीला देतो.

पायरी ८: पाटी

महाराष्ट्रात पाटीवरचा मराठी मजकूर देवनागरीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसलेला हवा, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही लागू आहे. आपल्या ओळीला तो सोयीचाच आहे. इंग्रजी पाटी करायचीच असेल तर या ओळीचं भाषांतर करू नका. ‘लागतं’चे दोन अर्थ तिकडे एका शब्दात येत नाहीत. तिथे नुसते विषय आणि वयोगट लिहा.

अक्षरांच्या उंचीचा ढोबळ हिशेब असा: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच. तीस फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर तीन इंच, आणि वरच्या-खालच्या मात्रा-उकारांना जागा लागते म्हणून देवनागरीत चार धरा. विषयांची नावं ओळीपेक्षा मोठी ठेवा, कारण वर पाहिल्याप्रमाणे ओळीचं बळ त्यांच्यावर आहे.

छपाईला देण्याआधी दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनी तपासा, फोनवर सांगून भागवू नका. ‘लक्ष’चं ‘लक्ष्य’ होतं. टंकणारा सवयीने ‘य’ जोडतो, आणि मग इथे नेमबाजी शिकवतात असं वाटतं. दुसरी गोष्ट शेवटचा अनुस्वार. अ‍ॅक्रिलिकची सुटी अक्षरं चिकटवून पाटी करणार असाल तर तो टिंब वेगळा तुकडा असतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात गळून पडणारा तुकडा तोच. मग पाटीवर उरतं ‘इथे लक्ष लागत’, आणि पुढचं ‘नाही’ रस्त्यावरचा प्रत्येक जण मनातल्या मनात जोडतो. फ्लेक्स किंवा रंगवलेली पाटी असेल तर ‘लागतं’ ठेवा आणि टिंब जाड काढायला सांगा. सुट्या अक्षरांची पाटी असेल तर सरळ ‘लागते’ लिहा.